पसरणी घाट सायकलने: सुरुवातीलाच दम न घालवता वरपर्यंत एकसारखं कसं चढायचं?

वारजेकर:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये आम्ही चारजण पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जातोय, एका दिवसात, रात्री मुक्काम तिथेच. कात्रज आणि खंबाटकी मी आधी केलेत, दोन्ही छोटे आहेत, जरा जोर लावला की संपतात. पण वाईपासून पसरणी घाट हा वेगळाच प्रकार दिसतोय, बारा एक किलोमीटर नुसतं चढत राहायचं आणि तेसुद्धा नव्वद किमी आधीच झालेले असताना. त्या घाटात मी गाडीने जाताना नेहमी बघतो की तिसऱ्या चौथ्या किलोमीटरला सायकलवाले कठड्यावर बसलेले असतात, चेहरे लाल, आणि हे काही नवखे नसतात, चांगल्या सायकली आणि सगळा जामानिमा असलेले असतात. म्हणजे ताकद कमी पडते असं नसावं, लावण्यात काहीतरी गडबड होत असावी.

माझं वजन ७४, सायकल जुनी सेकंडहँड रोडबाईक, पुढे ५०/३४ आणि मागे ११-२५. हार्टरेट दाखवणारं घड्याळ आहे, पॉवरमीटर नाही. पाणी, ट्यूब, पंप धरून सगळं मिळून ८८ किलोच्या आसपास जातं. प्रश्न एवढाच आहे की सुरुवात किती हळू करायची, गिअर बदलावे लागतील का, आणि आपण जास्त जोर लावतोय हे वेळेत कळायचं कसं?

रोहनपी:
सोपं आहे भाऊ, हार्टरेट १४० च्या वर जाऊच द्यायचा नाही. घड्याळात अलार्म लाव, वाजला की स्लो डाऊन. मी सगळे घाट असेच करतो, कधीही फुटलो नाही.

कोथरूडची_गाडी:
मी तर म्हणेन स्पीड ठरवून घ्या. पसरणीला १२ चा स्पीड धरा आणि तो सोडू नका, बरोबर एका तासात पाचगणी. काही जणं तो घाट ४० मिनिटांच्या आत करतात म्हणे, तुमचं टार्गेट काय आहे?

वारजेकर:
टार्गेट टायमिंगचं नाहीये हो, वर पोचल्यावर पुढचे १९ किमी सायकल चालवण्याच्या अवस्थेत असणं एवढंच.

सदू_रँडो:
वारजेकर, तुम्ही प्रश्नात सगळे आकडे दिलेत त्यामुळे नीट बोलता येईल, थोडं लांबेल.

वाई ७०० मीटरच्या आसपास आहे, पाचगणी १३०० च्या थोडं खाली. रस्ता बाराच्या आसपास धरा, म्हणजे सरासरी पाच टक्के. हा काही भयंकर चढ नाही, सिंहगडाच्या शेवटच्या टप्प्यासारखी भिंत कुठेच नाही आणि नेमकी तीच अडचण आहे. चढ फसवा आहे. वाईतून बाहेर पडताना पहिला भाग सौम्य आहे, ग्रुप एकत्र असतो, वाईत थांबून सगळे ताजे झालेले असतात आणि १४ च्या स्पीडने गप्पा मारत चढायला लागतात. आता ८८ किलो ५ टक्क्यांवर १० च्या स्पीडने चढवायला साधारण १४० वॉट लागतात. १४ च्या स्पीडने तेच २०० होतात. घाटात हवेचा अडथळा फार नसतो, बहुतेक सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, त्यामुळे स्पीड जेवढ्या पटीत वाढवाल तेवढ्याच पटीत ताकद द्यावी लागते, फुकट काही मिळत नाही. आठवड्याला दोनदा चालवणारा, तुमच्या वजनाचा माणूस तासभर सलग १८०-१९० वॉट दिले तरी खूप, आणि ते ताज्या पायांवर, नव्वद किमीनंतर नाही. म्हणजे १४ च्या स्पीडला तो त्याच्या मर्यादेच्या वर आहे आणि त्याला ते कळतच नाही.

का कळत नाही? कारण त्या मर्यादेच्या वरची ताकद आपल्याकडे थोडीशी शिल्लक असते आणि ती खर्च होत असताना पाय अजिबात तक्रार करत नाहीत. श्वास दोन तीन मिनिटांनी चढतो, हार्टरेटही मागून येतो. शरीराने बिल पाठवेपर्यंत पाच सात मिनिटं झालेली असतात. आणि ती शिल्लक भरून यायची तर मर्यादेच्या बरंच खाली यावं लागतं, पण घाटात खाली येणार कुठे, चढ चालूच आहे. मग माणूस कठड्यावर बसतो.

हिशोब बघा. पहिले ३ किमी १४ ने केले तर १३ मिनिटं, १० ने केले तर १८. वाचली पाच मिनिटं. त्यानंतर पाय गेले आणि उरलेले ९ किमी साडेसातने रडत केले तर ७२ मिनिटं, एकूण ८५. सगळं १० ने केलं असतं तर ७२ मध्ये वर. पाच मिनिटं कमावून वर तेरा मिनिटं उशीर, आणि वर पोचल्यावरची अवस्था वेगळीच.

आता रोहन म्हणतायत ते अर्धं बरोबर आहे. वर एक मर्यादा ठेवायची हे अगदी बरोबर, पण १४० हा त्यांचा आकडा आहे, तुमचा नाही. एकाच वयाच्या दोन माणसांचा जास्तीत जास्त हार्टरेट वीसने वेगळा असू शकतो, त्यामुळे २२० वजा वय यावर घाट चढू नका. स्वतःचा आकडा काढायचा तर पुढच्या आठवड्यात एखाद्या सलग चढावर वीस मिनिटं जेवढं एकसारखं जमेल तेवढं चालवा आणि शेवटच्या पंधरा मिनिटांची सरासरी बघा. पसरणीत त्याच्या दहा-पंधरा ठोके खाली राहायचं. पण पहिल्या दहा मिनिटांत घड्याळावर विसंबू नका, ते मागे असतं. तिथे साधी कसोटी म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं की तुम्ही वर आहात.

कोथरूडची_गाडी:
सदूकाका, पण मग स्पीड धरून चालण्यात चूक काय? १० च धरा म्हणा, एकसारखंच झालं ना ते.

सदू_रँडो:
नाही, एकसारखा स्पीड आणि एकसारखा जोर यात फरक आहे, आणि घाटात माणसं इथेच जातात. पाच टक्के ही सरासरी आहे, रस्ता सगळीकडे पाच टक्के नाहीये. मध्ये तीन टक्क्यांचे तुकडे आहेत, काही वळणांच्या आसपास सात होतं. तेच १४० वॉट कायम ठेवलेत तर तीन टक्क्यांवर सायकल आपोआप १४ ने जाईल आणि सातवर साडेसातने. जो १० धरून बसेल तो तीनवर आराम करेल आणि सातवर १४० च्या ऐवजी १८५-१९० देईल, म्हणजे नेमका जड जागी मर्यादेपाशी. स्पीड खाली गेला म्हणून घाबरायचं नाही, स्पीडोमीटरवर साडेसात दिसलं तरी पायाखालचा जोर तोच असला पाहिजे. मी तर घाटात स्क्रीनवरून स्पीड काढूनच टाकतो, तिथे वेळ आणि हार्टरेट एवढंच ठेवतो.

वारजेकर:
हे पटलं. मग गिअर? माझ्या दुकानदाराने सांगितलं ३४-२५ वर कुठलाही घाट होतो, पायात दम पाहिजे.

सदू_रँडो:
होतो की, प्रश्न किती फिरवता येईल याचा आहे. ३४-२५ मध्ये पेडलच्या एका फेरीत सायकल २ मीटर ८५ च्या आसपास पुढे जाते. १० च्या स्पीडला मिनिटाला ५८ फेऱ्या. आणि सात टक्क्यांच्या तुकड्यावर साडेसातचा स्पीड असेल तेव्हा ४४. चव्वेचाळीस म्हणजे प्रत्येक फेरीत पाय खाली दाबून ढकलावा लागतो, आणि मग माणसाचा नकळत जोर वाढतो कारण सायकल थांबायला आलेली वाटते. तुम्ही ठरवलं होतं १४०, गिअरने तुमच्याकडून १८० काढून घेतले. म्हणून जोर एकसारखा ठेवायचा असेल तर गिअर तेवढा हलका असावाच लागतो, नाहीतर जोर किती लावायचा हे ठरवायची संधीच तुमच्याकडे राहत नाही.

मागे ११-३२ टाका. ३४-३२ ला तोच १० चा स्पीड ७४ फेऱ्यांत येतो, सात टक्क्यांवरसुद्धा ५५ च्या आसपास राहतं. फक्त मागचा डिरेलर ३२ दात घेतो का ते दुकानात तपासून घ्या, छोट्या पिंजऱ्याचे जुने डिरेलर बऱ्याचदा २८ पर्यंतच असतात, आणि कॅसेट मोठी झाली की चेन पण लांब लागते, ती बदलायचीच. चेन आखूड राहिली आणि चुकून ५०-३२ ला गेली तर डिरेलर ओढला जाऊन तुटतो. स्टँडवर लावून हे एकदा हाताने फिरवून बघायला सांगा.

घाटमाथा:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. दोन्ही गुडघे नीट असलेल्या माणसाला ६० च्या आसपास फेऱ्या काही वाईट नाहीत. सगळीकडे ८०-९० चं वेड आहे, पण पाय फार भराभर फिरवले की हार्टरेट उगाच चढतो, मी दोन्ही करून बघितलंय. माझ्यापुरतं ६५ च्या आसपास सगळ्यात बरं चालतं.

सदू_रँडो:
घाटमाथा, यात वाद नाही. ६५ तुम्ही निवडलेले आहेत, ४४ नाइलाजाने येतात. हलका गिअर असला की निवड आपल्याकडे राहते एवढंच म्हणणं आहे. ज्याला जे जमेल ते.

मंजू_ताई:
मला इथेच विचारायचंय, वेगळा धागा काढत नाही. माझी हायब्रीड आहे, पुढे तीन, मागे सात, १४-२८. सिंहगड केला की दोन दिवस गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली दुखतं. मी पुढचं सगळ्यात छोटं चक्र वापरतच नाही कारण एकदा चढावर टाकायला गेले तर चेन आतल्या बाजूला पडली आणि मी तिथेच तोल जाऊन रस्त्यावर. तेव्हापासून मधल्यावरच चढते. हा वयाचा प्रश्न आहे का? ५१ चालू आहे.

सदू_रँडो:
ताई, वयाच्या आधी ते छोटं चक्र वापरात आणा. तुमचं मधलं बहुतेक ३८ असेल, मागे २८ म्हणजे पसरणीवर दहाच्या स्पीडला साधारण ५७ फेऱ्या पडतील, आणि सिंहगडाला दहाचा स्पीडच नसतो, तिथे चाळीसवर येत असणार. पुढे २८ टाकलं की त्याच जागी ५५ च्या आसपास होतात. गुडघ्यावरचा फेरीमागचा दाब तेवढा कमी.

चेन आत पडते याचं कारण पुढच्या डिरेलरचा आतल्या मर्यादेचा स्क्रू सैल आहे, त्याच्याजवळ एल लिहिलेलं असतं, मेकॅनिकला अर्धा पाव आटा फिरवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं कारण म्हणजे पूर्ण जोर असताना गिअर टाकणं. पुढचं चक्र चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचं, सायकल अजून पळत असताना, एक फेरी पाय नुसते हलके फिरवत. चढात अडकल्यावर बदलायला गेलं की चेनवर सगळं वजन असतं, ती नीट उतरत नाही. आणि सीट कमी उंचीवर असेल तरी वाटीखाली दुखतं, ती एकदा बघून घ्या. एवढं करूनही दुखणं राहिलं तर मात्र फिजिओकडे जा, इथे विचारत बसू नका.

मंजू_ताई:
सीट खरंच खाली ठेवलीये, पाय टेकावेत म्हणून. बघते. आभार.

घाटमाथा:
वारजेकर, वळणांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावीकडे वळणारं हेअरपिन आलं की आपण आतल्या बाजूला असतो आणि आतली बाजू सगळ्यात उभी असते, तिथे दहा-पंधरा मीटर पाय एकदम जड होतात. उजवीकडच्या वळणाला आपण बाहेरून जातो, तिथे रस्ता जवळजवळ सपाट वाटतो. म्हणून डावं वळण दिसलं की आत शिरायच्या आधीच एक गिअर हलका करा, मधोमध नाही. आणि उजव्या वळणावर मोकळं वाटतं म्हणून स्पीड घेऊ नका, तिथे दोन मोठे श्वास घ्या, पाणी प्या.

दुसरं, मागून एसटी येते. हेअरपिनच्या तोंडाशी ती हॉर्न देते आणि माणूस बिचकून सीटवरून उठतो, वीस-पंचवीस सेकंद जीव खाऊन पेडल मारतो की वळण ओलांडून तिला जागा द्यावी. असं तीन चार वेळा झालं की मर्यादेवरची शिल्लक संपली, सदूकाकांनी वर लिहिलंय तेच. त्यापेक्षा वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर मागे बघा, एसटी दिसली तर डावीकडे कडेला जाऊन जोर कमी करा आणि तिला जाऊ द्या. जागाच नसेल तर पाय टेकून थांबा. त्यात गेलं तर अर्धं मिनिट जाईल.

रोहनपी:
उभं राहून मारण्याबद्दल काय? मी दर किलोमीटरला थोडं उभं राहतो, कंबर मोकळी होते.

घाटमाथा:
चांगलं आहे, फक्त उठायच्या आधी मागे एक दोन दात जड करा. बसल्याच गिअरवर उठलं की पाय भराभर पडतात आणि सायकल मागे सरकल्यासारखी होते, मागच्या चाकाजवळ कोणी असेल तर त्याला धडक. वीस-तीस फेऱ्या, मग बसा, गिअर पुन्हा हलका.

सदू_रँडो:
मी वजनदार माणसांना उभं राहा असं सहसा सांगत नाही. बसून १४० आणि उभं राहून १४० यात हार्टरेट चार-पाच ठोके वर जातोच. ६० किलोच्या मुलाला काही फरक पडत नाही, ८० च्या वर पडतो. कंबर आखडलीच तर उठा, वेगासाठी नाही.

घाटमाथा:
मी ८२ आहे आणि मला उभं राहून बरंच वाटतं, पण असो.

बेएरिया_मंदार:
इकडे सॅन होजेजवळ माउंट हॅमिल्टन आहे, तीस किमीच्या आसपास, सरासरी चढ पसरणीइतकाच किंवा कमी, पण मध्ये दोन ठिकाणी चांगला उतार लागतो. तिथे एक गोष्ट लक्षात आली, चढाची सरासरी बघून जोर ठरवला की फसायला होतं कारण उतार सरासरी खाली खेचतो, प्रत्यक्ष चढाचे तुकडे आकड्यापेक्षा जड असतात. वारजेकर, पाचगणी ते महाबळेश्वर हा तुकडा असाच चढउतारांचा आहे ना? लहानपणी बाबांबरोबर गाडीने गेलोय, वेण्णा लेकच्या आधी बरंच वर-खाली आठवतंय.

सदू_रँडो:
अगदी तसंच आहे. पाचगणी ते महाबळेश्वर उंचीचा फरक फक्त साठ सत्तर मीटर, त्यामुळे लोक समजतात सपाट आहे, पसरणी संपली म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात खाली उतरून परत चढायचं, परत उतरायचं. मॅप्रोपाशी लोक थांबून गार होतात आणि मग पुढच्या छोट्या चढावर मांड्यांत गोळे येतात. पाचगणीच्या बाजारात पोचाल तेव्हा अजून तासभर तसंच चढता आलं असतं असं वाटलं पाहिजे.

वारजेकर:
खाण्यापिण्याचं? वाईत मिसळ खाऊन निघायचा ग्रुपचा बेत आहे.

सदू_रँडो:
मिसळ महाबळेश्वरला उतरल्यावर. पोटात तेलकट जड असताना पाय आणि पोट दोघंही रक्त मागतात. सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतच्या टप्प्यात सायकलवरच दोन केळी संपवा, म्हणजे घाट लागेपर्यंत ती कामाला लागलेली असतील. घाटात दर वीस मिनिटांनी थोडी चिक्की किंवा राजगिऱ्याचा अर्धा लाडू, भूक लागायची वाट बघायची नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, एका मोठ्या केळ्यात पंचवीस सत्तावीस असतात त्यावरून अंदाज बांधा. आणि खाणं फक्त घाटासाठी नाही, पुण्यातून निघाल्यापासून सुरू पाहिजे.

पाण्याच्या दोन्ही बाटल्या वाईत भरून घ्या. वजन वाढतं म्हणून एकच नेणारे लोक आहेत. एक किलो जास्त म्हणजे या घाटात एक मिनिटसुद्धा उशीर होत नाही, हिशोब करून बघा, ८८ मध्ये एक. तुम्ही घाटात दहा-अकराला असाल, ऊन असेल आणि दहाच्या स्पीडला अंगाला वारा लागत नाही, सपाटीवर घाम वाळतो तो इथे टपकतो. पाणी कमी पडलं तर हार्टरेट आपोआप चढत जातो.

वारजेकर:
झालं मंडळी, जाऊन आलो, सविस्तर लिहितो. ११-३२ टाकली, डिरेलर पण बदलावा लागला, जुना २८ च्या वर घेत नव्हता. वीस मिनिटांच्या चाचणीत १६८ सरासरी आली, म्हणून घाटासाठी १५५ ठरवले.

वाईतून निघताना ग्रुपमधले दोघं लगेच पुढे गेले आणि मला पहिले दोन किमी फारच हळू वाटत होते, हार्टरेट १४२, पाय अगदी रिकामे. सदूकाकांचं वाक्य बोलून बघण्याचं केलं, चौथ्याशी गप्पा चालू होत्या. पाच किमीनंतर १५३-१५४ ला स्थिर. डाव्या वळणांच्या आधी गिअर हलका करणं हे सगळ्यात कामाला आलं, सगळ्यात उभ्या तुकड्यावर मी ३४-३२ वर आठच्या खाली होतो पण धाप लागली नाही. पुढे गेलेल्यांपैकी एकजण सहाव्या किमीला भेटला, दुसरा पाचगणीत आमच्यानंतर आला. मला १ तास १४ मिनिटं लागली.

एक विचारायचंय. शेवटच्या तीन किमीत जोर तोच वाटत होता, स्पीडही तसाच, पण हार्टरेट १६२ पर्यंत गेला. ठरवलेलं १५५ होतं. मी काही कमी केलं नाही, बोलता येत होतं म्हणून तसंच चालवलं. हे बरोबर की कमी करायला हवं होतं?

रोहनपी:
कमी करायला हवं होतं. मर्यादा म्हणजे मर्यादा, नाहीतर ठरवायचं कशाला.

सदू_रँडो:
मी तुमच्या जागी असतो तर तसंच चालवलं असतं. ऊन आणि घाम यामुळे तासाभरानंतर त्याच जोराला हार्टरेट सात आठ ठोके वर सरकतो, पाय जास्त काम करत नसतात, हृदय अंग गार ठेवायला जास्त काम करत असतं. वीस मिनिटांची चाचणी सकाळच्या गारव्यात केली असणार, तो आकडा दुपारच्या उन्हाला तसाच लागू होत नाही. बोलता येत होतं, स्पीड पडत नव्हता, शेवटचे तीनच किमी होते, ठीक आहे.

घाटमाथा:
इथे मी रोहनच्या बाजूने आहे. हृदय कशामुळे का होईना, जास्त पळतंय तर ते खर्चच आहे. पुढे १९ किमी होते. आणि ऊन जास्त असेल तर उलट जोर कमीच करायला पाहिजे, घड्याळ तेच सांगत होतं. वारजेकर, पुढच्या चढउतारात पाय कसे होते?

वारजेकर:
पाय ठीक होते, पण वेण्णा लेकच्या आधीच्या चढावर डोकं जड झालं होतं, पाणी पण संपत आलं होतं. त्याला कारण ते १६२ की पाणी, सांगता येत नाही.

सदू_रँडो:
पाणीच असणार असं वाटतं, पण घाटमाथांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. पुढच्या वेळी तासभर आधी निघा म्हणजे उन्हाचा भाग निघून जाईल आणि मग आकडे ताडून बघता येतील.

मंजू_ताई:
एल स्क्रू फिरवून घेतला, सीट दोन बोटं वर केली, सिंहगड छोट्या चक्रावर केला. चेन पडली नाही. वेळ जास्त लागला पण गुडघा यावेळी एकच दिवस दुखला. पूर्ण थांबला नाहीये, फिजिओची वेळ घेतलीये. आता माझी बहीण पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाऊ म्हणतेय, तिथे पण हेच सगळं लागू होतं का?

सदू_रँडो:
ताई, तो कोकणातून येतो, उंचीचा फरक पसरणीच्या दुपटीहून जास्त आणि अंतर चाळीसच्या आसपास. दहाच्या स्पीडने चार तास. तिथे तासाभराच्या हिशोबाचा आकडा वापरू नका, अजून दहा ठोके खाली, आणि खाणं चढताना चालू ठेवलं नाही तर शेवटचे दहा किमी होणार नाहीत. खालून निघताना कोकणातला दमटपणा असतो, पहाटे अंधार असतानाच निघा. पावसाळ्यात तिथे दरडी पडतात, डिसेंबर-जानेवारी बरा. प्रतापगड फाट्याच्या आसपास पाणी आणि चहा मिळेल, तिथे बाटल्या भरून घ्या.

घाटमाथा:
आणि ताई, १४-२८ ची मागची कॅसेट १४-३४ करून घ्या त्याच्या आधी. सात गिअरच्या फ्रीव्हीलमध्ये तशी मिळते, डिरेलर मोठ्या पिंजऱ्याचा आहे का एवढं दुकानात विचारा.